रजेच्या अर्जात किती सांगायचं?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)

समजा, तुम्ही ग्रामसंघाच्या लिपिका आहात. दोन महिने झोप नाही, वहीतले आकडे जुळत नाहीत, मन भरून येतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पंधरा दिवस विश्रांती सांगितली. आता अध्यक्षाताईंकडे अर्ज द्यायचाय. पण आपल्याकडे अर्ज सभेत वाचला जातो, इतिवृत्तात जातो. मग काय लिहायचं?

कितीजणी लिहितात, "सासूबाई आजारी आहेत." दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सासूबाईंना भेटायला येतं! काही "टायफॉईड" लिहितात, मग दाखला मागितला की अडचण. खोटं एकदा लिहिलं की ते सांभाळत बसावं लागतं, आणि विश्रांती तिथंच संपते.

मनाचा आजार हाही आजारच. म्हणून "तब्येत" हा शब्द खरा आहे. आजाराचं नाव, गोळ्या, घरातलं कारण अर्जात नको. अर्ज असा लिहा:

"माझ्या तब्येतीवर उपचार सुरू आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने दि. १ ते १५ पर्यंत विश्रांतीसाठी रजा मिळावी. त्यानंतर पुन्हा तपासणी आहे. गरज पडल्यास मुदत वाढवून मागेन. बचत व कर्ज वह्या आजपर्यंत पूर्ण करून कोषाध्यक्षाताईंकडे दिल्या आहेत."

"थोडं बरं नाही" असं लिहून पंधरा दिवस मागू नका. कारण आणि दिवस जुळले नाहीत की प्रश्न येतात. मुदतवाढीचं वाक्य मात्र ठेवा, कारण मनाच्या गोळ्यांचा गुण यायला बरेचदा दोन ते चार आठवडे लागतात. वह्यांचा उल्लेखही हवा. कामाची सोय दिसली की चौकशी कमी होते.

दाखला लागणार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, "आजाराचं नाव न घालता 'उपचाराखाली आहे, विश्रांती आवश्यक' एवढंच लिहा." कागदावर मानसोपचार विभागाचा शिक्का असेल, तर तो सभेत फिरवू न देता अध्यक्षाताईंना पाकिटात द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

कुणी विचारलंच, "नक्की काय झालंय गं?" तर म्हणा, "उपचार चाललेत, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. बाकी मी माझ्यापाशीच ठेवते." दुसऱ्यांदा विचारलं तरी हेच वाक्य. दरवेळी नवं उत्तर दिलं की त्यातूनच गोष्ट फुटते.

एक मर्यादाही आहे. परत आल्यावर काम हलकं हवं असेल, तर एवढ्याशा अर्जानं भागत नाही. तेव्हा विश्वासातल्या एकाच पदाधिकारी ताईंना तोंडी सांगा, पण आजार नव्हे, गरज: "महिनाभर रात्रीच्या बैठका नकोत, हिशोब मी दिवसा करीन."

आणि अजून डॉक्टरांकडेच गेला नसाल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.