दीडशे युरोंचा बदल चारशे दहाला कसा पडतो?

नेदरलँड्समधल्या मराठी घरांत वर्षातून एकदा तरी अॅमस्टरडॅम-मुंबई तिकिटाची चर्चा होते. कोणाला कितीला मिळालं, हा त्या चर्चेचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न असतो. आज मला त्या आकड्याखाली असलेल्या मजकुराबद्दल बोलायचं आहे. स्वस्त तिकीट म्हणजे अटींसह घेतलेलं तिकीट, आणि त्या अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात. दंडाचं कलम एकटं वाचून बदलाचा खर्च कळत नाही, हेच मला सांगायचं आहे.

आधी या अटी आल्या कुठून ते पाहू. रिकामं आसन विमान उडालं की कायमचं वाया जातं. ते स्वस्तात विकावं, पण ऑफिसच्या खर्चानं ऐन वेळी जाणाऱ्या प्रवाशाला ते स्वस्त भाडं मिळू नये, अशी विमान कंपन्यांची अडचण होती. अमेरिकन एअरलाइन्सनं 1977 साली ‘सुपर सेव्हर’ भाडी आणली. त्यासाठी कित्येक दिवस आधी खरेदी करावी लागे आणि तिकडे किमान काही दिवस राहावंही लागे. मंगळवारी जाऊन गुरुवारी परतणारा व्यापारी माणूस या दोन अटींतच गळून पडायचा. पुढे युरोपात इझीजेट, रायनएअर यांनी एकेरी भाडी विकायला सुरुवात केली आणि जवळच्या मार्गांवर किमान मुक्कामाची अट सैल झाली. लांबच्या मार्गांवर ती अजूनही भेटते.

कंपन्या आपल्या भाड्यांचे नियम ठरावीक क्रमांकांच्या कलमांत नोंदवतात. पाचवं कलम आगाऊ खरेदीचं, सहावं किमान मुक्कामाचं, सोळावं दंडाचं. पैसे भरण्याच्या पानावर भाड्याच्या अटींचा दुवा असतो. तिथे बहुधा सारांश मिळतो. पूर्ण मजकूर हवा असेल तर matrix.itasoftware.com वर प्रवास निवडून rules उघडावं, किंवा एजंटाकडे या तीन कलमांचा मजकूर मागावा. मजकूर साधारण असा दिसतो:

```
RESERVATIONS ARE REQUIRED AT LEAST 21 DAYS
BEFORE DEPARTURE.
TRAVEL FROM LAST STOPOVER MUST COMMENCE NO EARLIER
THAN THE FIRST SUN AFTER DEPARTURE FROM FARE ORIGIN.
CHANGES - CHARGE EUR 150.00 FOR REISSUE.
```

पहिलं वाक्य सोपं वाटतं: निघण्याच्या 21 दिवस आधी आरक्षण. पण निघणं म्हणजे प्रवासातलं पहिलं उड्डाण. परतीच्या भाड्याला हीच अट असेल तर तिथेही दिवस मोजले जातात ते अॅमस्टरडॅमहून निघण्याच्या तारखेपासून. मुंबईहून परतण्याच्या तारखेशी त्याचा संबंध नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच महागात पडणार आहे. याच कलमात बऱ्याचदा दुसरं घड्याळही असतं. आरक्षणानंतर अमुक तासांत तिकीट काढायचं, आणि दोन्हींपैकी जी मुदत आधी संपेल ती खरी.

दुसरं वाक्य किमान मुक्कामाचं. परतीचा प्रवास निघाल्यानंतरच्या पहिल्या रविवारच्या आधी सुरू करता येणार नाही. इथे दिवसांची संख्या नाही, वार आहे. सोमवारी निघालात तर शनिवारपर्यंत परतता येत नाही. शनिवारी निघालात तर दुसऱ्याच दिवशी परतण्याचं तिकीट चालतं. सुट्टीला महिनाभर जाणाऱ्या कुटुंबाला ही अट जाणवतच नाही. ती टोचते ती दोन-तीन दिवसांसाठी धावत जावं लागतं तेव्हा. आणखी एक गंमत आपल्या मार्गावरची. मुंबईहून युरोपला येणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आपण ज्याला शनिवार रात्रीचं विमान म्हणतो, ते दीड वाजता सुटत असेल तर तारखेनं रविवारचं असतं आणि अट पूर्ण होते. साडेअकराला सुटणारं मात्र शनिवारचंच.

आता तिसरं वाक्य, आणि एक उदाहरण. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. अॅमस्टलव्हेनमध्ये राहणाऱ्या एका बाईंनी 20 ऑक्टोबरला तिकीट काढलं. 20 नोव्हेंबरला जायचं आणि 15 डिसेंबरला परतायचं. जाण्याचं भाडं 200 युरो, येण्याचं 200, शिवाय कर आणि अधिभार. वरच्या तिन्ही अटी दोन्ही भाड्यांना लागू. 4 नोव्हेंबरला पुण्याहून फोन आला की आईचं ऑपरेशन 12 तारखेला ठरलंय. बाईंना आता 10 नोव्हेंबरला निघायचंय.

त्यांनी दीडशे युरो बाजूला काढले. पण बदल म्हणजे जुनं तिकीट मोडून नव्यानं भाडं लावणं. अजून एकही उड्डाण झालेलं नसेल तर बहुधा त्या दिवसाची चालू भाडी लागतात. 4 तारखेपासून 10 तारीख सहा दिवसांवर. 21 दिवसांचं भाडं आता बसत नाही. आगाऊ खरेदीची अट नसलेलं पुढचं भाडं 330 युरोंचं आहे. येण्याच्या तारखेला हात लावलेला नाही, तरी येण्याचं भाडंही बाद होतं, कारण त्याची अटही निघण्याच्या दिवसावर टांगलेली आहे. दोन्हीकडे 130 युरोंचा फरक, म्हणजे 260. त्यात दंड 150. एकूण 410.

आता हेच तिकीट असताना दुसरी परिस्थिती पाहू. बाई ठरल्याप्रमाणे 20 तारखेला निघाल्या आणि पुण्याहून त्यांनी परतीची तारीख आठवडाभर पुढे ढकलली. निघण्याचा दिवस तोच राहिला, म्हणून आगाऊ खरेदीची अट शाबूत. रविवार केव्हाच उलटून गेलाय. उरलेल्या प्रवासाला बहुधा मूळ तिकिटाच्या दिवशीची भाडी लावतात. नव्या विमानात मूळ तिकिटाच्याच आरक्षण-वर्गाची जागा शिल्लक असेल, तर खर्च 150 युरोच. ती नसेल तर पुढच्या वर्गाच्या भाड्याचा फरक पडतो. कंपनीगणिक तपशील बदलतात, पण हिशोबाची रीत हीच.

दंडाच्या कलमात आणखी दोन गोष्टी शोधाव्यात. एक, विमान सुटण्याआधी कळवलं नाही तर काय होतं. अनेक स्वस्त भाड्यांत तेव्हा तिकिटाची किंमतच शून्य होते. जाण्याचं उड्डाण चुकवून फक्त येण्याचं वापरू म्हटलं तर तेही सहसा रद्द झालेलं असतं. दोन, जाण्या-येण्याची भाडी वेगवेगळ्या अटींची असतील तर काय. बहुधा कडक अट संपूर्ण तिकिटाला लागते. जाताना स्वस्त आणि येताना लवचीक भाडं घेतलं, तर लवचीकतेसाठी जास्तीचे दिलेले पैसे अनेकदा वायाच जातात.

काहींना वाटतं, ऑनलाइन खरेदी मागे घ्यायला युरोपात 14 दिवसांची मुदत असते. कपड्यांना असते, विमानाच्या तिकिटाला नसते. रद्द केल्यावर भाडं बुडालं तरी करांचे पैसे मागता येतात. 2025 साली डच विमान कर प्रवाशामागे 29.40 युरो होता. तो उड्डाण करणाऱ्या प्रवाशावर असतो, न उडालेल्यावर नाही. मात्र करांच्या शेजारी छापलेला कंपनीचा अधिभार हा कर नव्हे. तो परत मिळेल की नाही हे सोळावं कलमच सांगतं.

म्हणून तिकीट घेताना स्वतःला विचारा: आपल्या घरी बदलण्याची शक्यता कोणत्या तारखेची आहे? आई-वडील थकलेले असतील तर जाण्याची. मुलांची शाळा सांभाळून, जमल्यास दोन दिवस जास्त राहायचं असेल तर येण्याची. येण्याची असेल तर कडक अटींचं भाडंही चालून जातं. जाण्याची असेल, तर अटी नसलेल्या भाड्यातला फरक आजच मोजा. आपल्या उदाहरणात तो 260 युरो होता. ते आधी भरले असते, आणि बदलाला दंड नसता, तर बाईंचे दीडशे वाचले असते. तारीख बदललीच नसती, तर मात्र हेच 260 फुकट गेले असते. हा सौदा कोणाला परवडतो ते ज्याच्या-त्याच्या घरावर अवलंबून आहे. पण तो पैसे भरण्याआधी करायचा असतो, नंतर नाही.