बिल अडलं, तर नोटीस कधी?

समजा, क्लायंटने वेबसाइटचं ६०,००० चं बिल अडवलंय. म्हणतो, "पेमेंट पेज चालत नाही." फोनवर भांडू नका. नेमकं काय चालत नाही, ते मेलवर विचारा. त्या पेजचे १५,००० वादात राहू द्या, उरलेले ४५,००० आत्ताच मागा. त्यालाही टाळाटाळ केली, तर कळतं की अडचण पेजची नाहीये. मग शेवटची तारीख द्या. तीही टळली, की वकिलाकडून १५ दिवसांची नोटीस पाठवा.

पण नोटिशीने कोर्टाची मुदत थांबत नाही हं! साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. त्या मुदतीत "एवढं देणं आहे" असं सही करून दिलं, तर मात्र ३ वर्षं नव्याने मोजतात.