फिफा २३ : थांबलेला चेंडू, नेमकी वेळ

फिफा २३ या व्हिडिओ गेममध्ये फ्री किकला दोन्ही स्टिकची कामं वेगळी आहेत. डावी नेम धरते, उजवी चेंडूवर पाय नेमका कुठे लागेल ते ठरवते. समजा, फ्री किक गोलच्या थोडी डावीकडे आहे आणि खेळाडू उजव्या पायाचा आहे. उजवी स्टिक चेंडूच्या खालच्या उजव्या भागावर न्या. खालून मारल्यानं चेंडू भिंतीवरून उठतो, उजवीकडून मारल्यानं डावीकडे वळतो. म्हणून नेम डाव्या खांबाच्या किंचित आत धरा. मग शूटचं बटण दाबून ताकद भरा. चेंडू बारवरून गेला, तर ताकद जास्त झाली.

कॉर्नरलाही उजवी स्टिक तेच काम करते, फक्त नेम सहकाऱ्याच्या डोक्यावर.

पेनल्टीत मात्र सगळा खेळ वेळेचा. चेंडूभोवती एक वर्तुळ आकसतं आणि फुगतं. ते सर्वांत लहान असताना शूट दाबलं, की नेम पक्का. फुगलेलं असताना दाबलं, तर चेंडू भरकटतो. खेळाडू दडपणाखाली असला की वर्तुळ भराभर हलतं. तेव्हा दोन आवर्तनं नुसती पाहा, ताल पकडा, मगच मारा.