टायर, माळ आणि तापाची गोळी

मागच्या भागानंतर बचत गटांकडून एकच प्रश्न फिरून फिरून आला. अँटिबायोटिकची गोळी पोटात गेली की ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. मग ती जंतूलाच कशी मारते, आपल्या पेशींना का नाही?

गोळीला आपलं-परकं काही कळत नाही. जंतूकडे जे आहे आणि आपल्याकडे नाही, नेमकं तिथेच ती अडकते, एवढंच.

आधी अमॉक्सिसिलिन घेऊ. ही पेनिसिलिनच्या घराण्यातली गोळी. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण आत साखर दाटलेली असते आणि पाणी दाट बाजूकडे ओढलं जातं. जिवाणूच्या आतही असाच दाट रस असतो, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरू पाहतं. तो फुटत नाही, कारण त्याच्या पातळ पडद्याबाहेर एक भक्कम भिंत असते. सायकलच्या ट्यूबवर टायर असतो तशी. ही भिंत खाटेच्या विणीसारखी असते. साखरेच्या लांब दोऱ्या आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या गाठी.

जिवाणू वाढताना ही वीण जागोजागी कापतो आणि नवी दोरी घालून पुन्हा गाठ मारतो. गाठ मारणारं एक प्रथिन असतं. अमॉक्सिसिलिनचा आकार दोरीच्या टोकासारखा दिसतो, म्हणून ते प्रथिन गोळीलाच धरतं आणि मग सुटत नाही. कापणं चालू राहतं, गाठी मात्र पडत नाहीत. भिंत विरते, पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुटतो.

आपल्या पेशींना अशी भिंतच नाही. आपण नुसत्या ट्यूबवरच चालतो म्हणा ना! ते चालतं, कारण आपलं रक्त पेशीच्या आतल्या रसाइतकंच दाट असतं. सलाईनच्या बाटलीत लिटरला 9 ग्रॅम मीठ घालतात ते याचसाठी. शिरेत नुसतं पाणी सोडलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतील. तर भिंत नाही, गाठ मारणारं प्रथिन नाही, मग अमॉक्सिसिलिन पकडणार कशाला? काहींना या गोळीची ॲलर्जी येते, अंगावर गांध्या उठतात किंवा धाप लागते, पण ती शरीराची वेगळी तक्रार आहे. भिंतीशी तिचा संबंध नाही.

आता समजा, विदर्भातली एक बाई भर पावसाळ्यात गवत कापून आली. आठवड्याभराने थंडी-ताप आणि डोकं फुटेल असं दुखणं. दुकानातून अमॉक्सिसिलिन आणून तीन दिवस घेतली, ताप हटला नाही. मग नर्सताईंनी नीट पाहिलं, तर काखेत सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली. तिथे बारीक किडा चावला होता. हा स्क्रब टायफस. याचा जंतू आपल्याच पेशींच्या आत शिरून राहतो, तिथे अमॉक्सिसिलिन फारशी पोचत नाही. शिवाय त्याची भिंत नावापुरतीच असते. गोळी खोटी नव्हती, तिला पकडायला जागाच नव्हती.

इथे लागते डॉक्सिसायक्लिन. ती पेशीच्या आत शिरते आणि जंतूच्या रायबोसोमवर बसते. रायबोसोम म्हणजे प्रथिनांची माळ ओवणारं यंत्र. चिठ्ठीत लिहिलेल्या क्रमाने एकेक मणी येतो आणि माळेत जातो. पुढचा मणी जिथे येऊन टेकतो, तीच जागा डॉक्सिसायक्लिन अडवते. माळ खुंटते, जंतूची वाढ थांबते आणि उरलेलं काम आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. वेळेवर सुरू केली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. म्हणून खपली आणि ताप एकत्र दिसले, की डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता ती सुरू करतात.

रायबोसोम आपल्यालाही आहेतच. पण आपले आकाराने मोठे आणि घडणीने वेगळे. ती गोळी तिथे घट्ट बसत नाही. मात्र आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे जे बारीक कण असतात, त्यांचे रायबोसोम जिवाणूंच्या वळणाचे आहेत. म्हणजे फरक मोठा आहे, पण पुरता नाही. औषधाचं माप डॉक्टर ठरवतात ते उगीच नाही.

सर्दी-पडशाच्या विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा रायबोसोम. तो आपलेच रायबोसोम वापरतो. त्याच्यापुढे या दोन्ही गोळ्या आंधळ्या. उलट पोटातल्या आपल्या कामाच्या जिवाणूंना भिंतही असते आणि रायबोसोमही, म्हणून गोळ्या चालू असताना पुष्कळांना जुलाब होतात.

आणि डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका. ती दुधातल्या कॅल्शियमला चिकटते आणि अंगात कमी जाते. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननळी पोळते. गरोदर असाल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.