शिकवता शिकवता

सोलापुरात मराठी मुलगी आणि कानडी मुलगा एकमेकांना भाषा शिकवू लागले, की सुरुवात बहुधा ‘ऊट आयता?’ने, म्हणजे ‘जेवण झालं का?’ने होते. खरी गंमत पुढे. ती शिकवते, ‘मला तू आवडतोस.’ म्हणजे शिकवण्याच्या निमित्ताने बोलून तीच जाते! त्याने पोपटासारखं तेच म्हटलं, तर नुसतं पाठांतर. ‘आवडतेस’ असं फिरवून म्हटलं, तर अर्थ पोचला. कानडीत ‘नीनु ननगे इष्ट’ दोघांनाही तसंच चालतं. थट्टेत भलताच शब्द शिकवणारेही असतात हो. म्हणून नवा शब्द चारचौघांत वापरण्याआधी शेजारच्या कानडी काकूंना विचारावा. काकू हसल्या की रागावल्या, त्यावरून त्याच्या मनातलं कळतं.