पुसलेली वस्तू आणि चित्राखालची ओळ

(वर्धा जिल्ह्यातील एका छायाचित्र मंडळाच्या नव्या शिक्षक-सभासदांपुढे मार्गदर्शकांनी केलेले भाषण)



मागच्या हिवाळ्यातील एका छायाचित्राची हकीकत प्रथम सांगतो. आपल्याच एका सभासदाने शाळेच्या ओसरीवर दुपारच्या भोजनाची पंगत टिपली. मुले ओळीने बसलेली, समोर ताटे, वाफाळणारी खिचडी. उजव्या कोपऱ्यात मात्र एक मुलगी पंगतीबाहेर, ताटावाचून बसली होती. तिच्यामुळे ओळ मोडते असे वाटून त्यांनी फोनमधील पुसण्याच्या साधनाने तिला काढून टाकले आणि खाली लिहिले, ‘सर्व विद्यार्थी भोजन घेताना’. हेतू वाईट नव्हता. चित्र नीटनेटके दिसावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

चित्र माझ्या हाती आले तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. ओसरीच्या कडेला उन्हात एक सावली पडली होती, पण ती सावली कोणाची, ते दिसत नव्हते. शिवाय शहाबादी फरशीची सांध त्या कोपऱ्यात येऊन तुटली होती आणि पलीकडे दोन बोटे खालून पुन्हा सुरू झाली होती. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुसलेल्या वस्तूमागे काय होते हे त्या साधनास ठाऊक नसते. ते आजूबाजूचा भाग पाहून अंदाजाने जागा भरते. म्हणून विटा, कवेलू, फरशी, खिडकीचे गज अशा सरळ किंवा पुनरावृत्तीच्या रेषांवर त्याची चूक उघडी पडते. एकच डाग शेजारी शेजारी दोनदा उमटतो. सावली किंवा पाण्यातील प्रतिबिंब मागे राहून जाते. मोकळ्या आभाळात किंवा गवतात मात्र चूक सापडत नाही. तेव्हा सापडले नाही म्हणजे पुसले नाही, असे समजू नये. तेथे मूळ प्रत हाच एक पुरावा.

सुदैवाने त्या सभासदांनी मूळ प्रत ठेवली होती. ती पाहिल्यावर मी विचारले, ‘ही मुलगी वेगळी का बसली होती?’ त्यांना ते माहीत नव्हते. चौकशीअंती कळले की त्या दिवशी एक ताट कमी पडले होते व ती वाट पाहत होती. म्हणजे शाळेस कळावयास हवी होती तीच गोष्ट आपण पुसली होती.

कोणी म्हणेल, पुसण्याऐवजी कोपरा कातरला असता तर? कातरणे सामान्यतः मान्य आहे. २०१० साली ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराच्या, कीव्ह शहरातील रस्त्यावरील मारामारीवरच्या चित्रमालिकेचे पारितोषिक रद्द झाले. त्याने एक चित्र पुष्कळ कातरले होते, कृष्णधवलही केले होते. पारितोषिक गेले ते त्यामुळे नव्हे, तर पार्श्वभूमीतील एका माणसाच्या पावलाचा लहानसा भाग त्याने पुसला होता, त्यामुळे. आपल्या चित्राचा प्रश्न मात्र कातरूनही सुटला नसता, कारण खालची ओळ ‘सर्व विद्यार्थी’ असे म्हणत होती. चित्र खरे आणि ओळ खोटी, असेही घडते. आम्ही ती ओळ बदलून अशी केली : ‘दुपारचे भोजन. एक विद्यार्थिनी ताटाच्या प्रतीक्षेत. ओळख झाकण्यासाठी तिचा चेहरा अस्पष्ट केला आहे.’ गाव व तारीखही पुढे घातली. चेहरा झाकणे हादेखील बदलच, पण तो उघड आहे व सांगितलेला आहे. उजेड वाढवणे, तिरपे चित्र सरळ करणे, भिंगावरील धुळीचा ठिपका काढणे यांस एवढे सांगण्याची गरज नाही.

कामाची रीत अशी ठेवावी. मूळ चित्रास हात न लावता त्याची प्रत करून तीवर काम करावे. कोण, कोठे, केव्हा, हे त्याच दिवशी वहीत टिपावे. आठ दिवसांनी आठवणारे बहुधा अंदाजच असतात. चित्र व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने पाठविल्यास ते लहान होते व त्यातील वेळेची नोंद गळते, म्हणून मूळ प्रत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

सेवाग्राम आश्रमात कनू गांधी छायाचित्रे घेत, तेव्हा गांधीजींनी त्यांस अटी घातल्या होत्या : झगझगीत दिवा लावावयाचा नाही, ‘असे बसा’ म्हणावयाचे नाही, आणि खर्च आश्रम देणार नाही. तिसरी अट आपल्यालाही लागू आहेच! येत्या रविवारी आपण बापूकुटीच्या आवारात जाणार आहोत. तेथे एखादा फलक किंवा विजेची तार चौकटीत आली, तर दोन पावले सरकून पाहा. तरीही ती येतच असेल, तर तशीच राहू द्या आणि वहीत तिची नोंद करा.