चहातली साखर आणि आइस्क्रीम

विज्ञान शिक्षकांच्या या संमेलनात अध्यक्ष म्हणून मला आज एकाच कामाविषयी बोलायचं आहे. शाळेत विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या, पण घरी, मैदानावर आणि मनातल्या मनात मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी आपण जो द्विभाषिक शब्दसंग्रह करतो आहोत, त्याच्याविषयी.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘शुगर मेल्ट्स इन टी.’ मी फुली मारली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून मराठीतच विचारलं, ‘चहात साखरेचं काय होतं गं?’ ती म्हणाली, ‘विरघळते.’ उत्तर अचूक होतं. मग विचारलं, ‘आणि आइस्क्रीम बाहेर ठेवलं तर?’ ‘तेही विरघळतं, बाई.’ ‘मग विरघळलेल्या आइस्क्रीमला इंग्रजीत काय म्हणतेस?’ ती म्हणाली, ‘मेल्टेड.’

त्या क्षणी तिच्या डोक्यातली वाट मला दिसली. आइस्क्रीम विरघळतं, त्याला मेल्ट म्हणतात. साखरही विरघळते, म्हणजे तीही मेल्ट होते. तर्कात कुठेही चूक नव्हती. तिचं विज्ञान कच्चं नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘विरघळणे’ हा शब्द दोन वेगळ्या घटना पोटात घेतो आणि इंग्रजीत त्या दोन घटनांना दोन शब्द आहेत. चूक त्या सांध्यावर झाली होती. मी मारलेली फुली तिला यातलं काहीच सांगत नव्हती.

आता नेहमीचा परिभाषा कोश उघडा. महाराष्ट्र शासनाने 1960 साली भाषा संचालनालय स्थापन केलं आणि त्याने विषयवार परिभाषा कोश सिद्ध केले. ते मोठं काम आहे, माझ्या टेबलावर ते कायम असतात. पण त्यांची रचना अनुवादकाच्या, पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी पर्याय. आठवीतल्या मुलीला ‘मोमेंटम’ कळत नाही आणि समोर ‘संवेग’ लिहिलेलं दिसतं, तेव्हा एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द येतो. म्हणून आपला संग्रह उलट्या बाजूने, मुलांच्या तोंडी असलेल्या शब्दापासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्या साखरेची नोंदच करून पाहू. मथळ्याला मराठी शब्द ‘विरघळणे’. त्याखाली पहिलं वाक्य: हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो, इंग्रजीत लिहिताना आधी त्या वेगळ्या करा. मग खूण सांगायची. पदार्थ एकटाच, केवळ उष्णतेने घनाचा द्रव झाला तर ते मेल्टिंग, मराठीत वितळणे: बर्फ, मेण, लोखंड, आइस्क्रीम. पदार्थ दुसऱ्या द्रवात मिसळून दिसेनासा झाला तर ते डिझॉल्व्हिंग, म्हणजे विरघळणे: पाण्यात मीठ, चहात साखर.

यानंतर मुलाला घरी करून पाहता येईल असा पुरावा हवा, नाहीतर नोंद नुसती पाठ होते. लिंबाच्या सरबतात साखर गार पाण्यातही नाहीशी होते, ती ढवळून. तिथे उष्णता दिलेलीच नाही, मग वितळली कशी म्हणायची? साखर वितळायला साधारण 186 अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि उकळता चहा 100 अंशांच्या आसपासच राहतो. साखर खरोखर वितळताना पाहायची असेल, तर कॅरॅमल करताना कोरड्या कढईत बघावी. पाणी नसताना ती पातळ होते आणि तांबूसही होते, कारण एवढ्या तापमानाला ती वितळता वितळता विघटित होऊ लागते. मिठाची खूण आणखी सोपी: मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं.

एवढं सगळं मिळून अर्धं पान होतं. काही सहकाऱ्यांना ते फार वाटतं, संग्रहात हजारो शब्द हवेत असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. ‘थर्मामीटर’ला नोंद नको, मुलं तो शब्द मराठीतही तसाच वापरतात आणि बरोबर वापरतात. ऑक्सिजनला नको. जिथे मराठी मन आणि इंग्रजी शब्द एकमेकांना चुकतात, तेवढ्याच जागा घ्याव्यात. एका इयत्तेला दीडशे-दोनशे नोंदी पुष्कळ झाल्या.

कधी उलटही होतं, मराठी शब्द फार ओळखीचा असतो म्हणून फसवतो. ‘वजन’ घ्या. वाण्याकडे वजन किलोत होतं, दवाखान्यातही किलोत. मग भौतिकशास्त्राच्या तासाला ‘वेट’ न्यूटनमध्ये का मोजायचं, हे मुलाला उमजत नाही. आपण बोलताना ज्याला वजन म्हणतो, त्या किलोच्या आकड्याला शास्त्रात वस्तुमान म्हणतात, इंग्रजीत मास. वजन म्हणजे पृथ्वीने त्या वस्तुमानाला ओढण्याचं बल. 30 किलोच्या मुलाचं इथलं वजन सुमारे 294 न्यूटन, चंद्रावर साधारण 49 न्यूटन, आणि वस्तुमान दोन्हीकडे 30 किलोच. दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी तो तेच दाखवील, कारण मापंही तितकीच हलकी होतात. स्प्रिंगचा काटा मात्र सहावा हिस्सा दाखवील. अशा नोंदीत मराठी शब्दावरच सावधानतेची खूण हवी. ‘वेट म्हणजे वजन’ एवढंच छापलं, तर चूक आपणच शिकवली असं होईल.

आणखी एक सांधा पूर्वी नव्हता, आता रोज दिसतो. अकरावी-बारावीची मुलं प्रवेश परीक्षांसाठी हिंदीतले व्हिडिओ पाहतात. हिंदीत ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि मॉलिक्यूलला ‘अणु’. मराठीत ॲटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू. म्हणजे एकच शब्द कानावर पडतो आणि अर्थ सरकलेला असतो. हिंदी शिक्षक पाण्याच्या एका अणूत दोन हायड्रोजन सांगतात ते बरोबरच आहे, पण मराठी मुलाला अणूचेच तुकडे झाल्यासारखं वाटतं. वस्तुमानालाही हिंदीत ‘द्रव्यमान’ म्हणतात, पण त्याने घोटाळा होत नाही, फार तर शब्द नवा वाटतो. अणूची नोंद मात्र तिन्ही भाषांचे शब्द शेजारी ठेवून करावी लागेल.

नोंद जमली की नाही हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. मुलाला तांत्रिक शब्द न सांगता घटना विचारायची: मेणबत्ती पेटवली, मेणाचं काय झालं? आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत लिही. दोन्ही उत्तरं एकच घटना सांगत असतील तर नोंद उपयोगी पडली. व्याख्या पाठ आणि वाक्य चुकलेलं असेल, तर दोष नोंदीचा मानावा आणि ती पुन्हा लिहावी. आमच्या गटाने ‘विरघळणे’ची नोंद चार वेळा लिहिली. पहिल्या तीनही वेळा आम्ही आइस्क्रीमचा उल्लेख करायला विसरलो होतो आणि मुलं तिथेच अडत होती.

या नोंदी घरात बसून सुचत नाहीत, त्या उत्तरपत्रिकांत सापडतात. सभागृहाबाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. तुमच्या वर्गातली, मूल हुशार असूनही चुकलेली पाच वाक्यं आठवा आणि मुलाने लिहिली तशीच, न सुधारता, तिच्यात उतरवा. मुलाचं नाव नको, इयत्ता आणि जिल्हा तेवढा लिहा, कारण कोकणातल्या आणि विदर्भातल्या मुलांच्या बोलीतले शब्द वेगळे असतील. वही संध्याकाळपर्यंत तिथेच आहे.